पाणी सुटलं, पण पोचलं नाही : टेलच्या पत्रांची जुनी गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पाटाच्या पाण्यावर आहे. ज्यांची शेती पाटावर नाही त्यांनीही वाचावी, कारण धरण किती टक्के भरलं याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो, पण भरलेलं पाणी जातं कुठे हे फार कमी जणांना माहीत असतं.

निमित्त एका पत्राचं. आमच्या भागातल्या एका मायनरच्या शेतकरी संघाने पाटबंधारे खात्याला पत्र दिलं आणि त्याची एक प्रत माझ्याकडे आली. गावाचं नाव लिहीत नाही, कमेंटमध्येही कुणी लिहू नका, प्रकरण अजून चालू आहे. विषय असा होता : "चालू रब्बी हंगामातील पहिल्या आवर्तनात मायनरच्या शेवटच्या चार आऊटलेटवरील क्षेत्रास पाणी न मिळाल्याबाबत." खाली मजकूर नेहमीचा. आम्ही वेळेत नमुना नंबर ७ भरले, मागची पाणीपट्टी भरली, गहू आणि कांदा उभा आहे, आवर्तन बंद झालं तरी आमच्या चारीत पाणी आलं नाही, तरी साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल. त्याखाली बेचाळीस सह्या आणि सात अंगठे.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं, तेही नेहमीचंच. सदर आवर्तन नियोजित कालावधीत पूर्ण करण्यात आलेले असून मंजूर क्षेत्राच्या बहुतांश भागाचे सिंचन झालेले आहे, उर्वरित क्षेत्राचा विचार पुढील आवर्तनात करण्यात येईल.

पुढील आवर्तन म्हणजे साधारण महिन्याने. आता गव्हाचं गणित बघा. पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांत गव्हाला मुकुटमुळं फुटतात. त्या वेळेला पाणी नाही मिळालं तर फुटवे कमी येतात, आणि नंतर कितीही पाणी दिलं तरी न आलेले फुटवे काही येत नाहीत. म्हणजे "पुढील आवर्तनात विचार" या तीन शब्दांत त्या सगळ्यांचा हंगाम गेलेला असतो.

पत्रकारितेत वीस वर्षं काढली. असली पत्रं आणि असली उत्तरं दोन्ही मी ढिगाने पाहिली आहेत. पूर्वी वाटायचं की यातलं कुणीतरी एक खोटं बोलतंय. हळूहळू लक्षात आलं की बऱ्याचदा दोघंही खरंच लिहितात, आणि खरी गोम तिथेच आहे.

आधी पद्धत समजून घेऊ. आपल्याकडे पाटाचं पाणी शेजपाळीने मिळतं. हंगामाच्या सुरुवातीला शेतकरी नमुना ७ वर अर्ज करतो : अमुक गट नंबर, अमुक पीक, इतकं क्षेत्र. मंजूर अर्जांची आऊटलेटवार यादी होते, तीच शेजपाळी. पाणी सुटलं की त्या यादीप्रमाणे एकामागून एक पाळी येते. आणि नियम काय सांगतो? पाळी टेलकडून सुरू करायची आणि भरत भरत हेडकडे यायचं. हे काल-परवा निघालेलं धोरण नाही, जुन्या पाटकऱ्यांना हे तोंडपाठ असायचं. कारण उघड आहे. वरच्या माणसाच्या दारातून पाणी जातंच, त्याला कधीही घेता येतं. शेवटच्याला तसं नाही. पाटाला पूर्ण पाणी असतं तेव्हाच त्याचं भरून घ्यायला पाहिजे.

पण पाणी वरून खाली येतं आणि नियम खालून वर जातो. मधल्या सगळ्या आऊटलेटचे दरवाजे पहिले चार दिवस बंद राहिले तरच हे जमतं. रात्री अडीचला त्या दरवाजांवर कोण उभं राहणार? एका पाटकऱ्याकडे पूर्वी होतं त्याच्या कितीतरी पट क्षेत्र आज आहे. एकदा एका पाटकऱ्याला मी हे विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, मी टेलला जाऊन पाणी लावतो आणि माघारी येईस्तोवर वरच्या दोन गेटांच्या चाव्या फिरलेल्या असतात. कुणाला बोलू? एक सरपंचाचा चुलता, दुसरा माझाच मेव्हणा."

चाव्या फिरतात, काठावरून डोंगळे पडतात, मायनरमध्ये गोण्या टाकून पाणी फुगवलं जातं म्हणजे वरचं आऊटलेट जास्त ओढतं, थेट पाटात मोटरी बसतात. ही चोरी दिसते. तिच्यावर बातम्या येतात, मीही दिल्यात. पण समजा, एका आवर्तनात यातलं काहीच झालं नाही. एकही डोंगळा नाही, एकही मोटर नाही. तरी टेल कोरडी राहू शकते. कशी, ते गोल आकड्यांनी सांगतो.

एक क्युसेक पाणी एक तास चाललं की एका एकरावर जवळपास एक इंच पाणी बसतं. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे. समजा, एका मायनरला तीन क्युसेक पाणी मिळतं आणि आवर्तन बारा दिवसांचं आहे. तीन क्युसेक, चोवीस तास, बारा दिवस. गुणाकार केला की ८६४ तासांचं पाणी झालं. चारीत मुरणारं, फुटणारं वीस टक्के सोडून देऊ. उरलं ६९०. एका पाळीला एकरी तीन इंच, म्हणजे तीन तास, हे रब्बीच्या पिकाला ठीक आहे. मंजूर क्षेत्र २२० एकर असेल तर लागतात ६६० तास. म्हणजे कागदावर पाणी सगळ्यांना पुरून थोडं उरतं. अभियंत्याने नियोजन चुकवलेलं नाही.

आता वरच्या शंभर एकरांवर काय होतं बघा. तिथे शेतकरी वाफा काठोकाठ भरेपर्यंत दार मोडत नाही. ऊस असला तर नाहीच. महिन्याने येणारं पाणी आहे, पुन्हा येईल की नाही भरवसा नाही, तर माणूस दाबून भरतो. एकरी तीनच्या जागी पाच तास घेतो. कुणाला वावगं वाटत नाही, कारण तो आपल्याच पाळीत, आपल्याच मंजूर क्षेत्राला पाणी देतोय. पण शंभर एकरांनी तीनशेऐवजी पाचशे तास खाल्ले. खाली उरले १९०. त्यात जेमतेम ६३ एकर भिजतात. राहिलेले ५७ एकर कोरडे, आणि आवर्तन संपलं.

प्रत्यक्षात यापेक्षाही वाईट होतं. धार बारीक झाली की नुसतं वेळ जास्त लागून भागत नाही. मातीच्या चारीत बारीक धार पुढे सरकतच नाही, जागीच मुरते. सरीच्या निम्म्यात पाणी थांबतं. त्यामुळे टेलच्या माणसाला शेवटी जे अर्धा क्युसेक मिळतं त्यात त्याचं निम्मं काम होत नाही, पाव होतं.

आणि आता रेकॉर्ड बघा. पाणीपट्टी कशावर लागते? क्षेत्रावर आणि पिकावर. किती एकर भिजलं ते मोजतात, किती पाणी लागलं ते नाही. वरचे १०० आणि खालचे ६३ मिळून १६३ एकर भिजले. २२० पैकी १६३, म्हणजे चौऱ्याहत्तर टक्के. "मंजूर क्षेत्राच्या बहुतांश भागाचे सिंचन झालेले आहे." साहेबांनी खोटं कुठे लिहिलं? वरच्याने दोनशे तासांचं पाणी जास्त घेतलं ही गोष्ट सरकारच्या कुठल्याच वहीत उमटत नाही. पाच इंच घेणारा आणि तीन इंच घेणारा, दोघांच्या नावापुढे एक एकरच लिहिलं जातं, आणि एकाच पिकाला पट्टी तेवढीच.

ही वही आपल्याला इंग्रजांकडून मिळाली. १८७९ सालचा मुंबई पाटबंधारे कायदा. शेतकऱ्याने अर्ज करायचा, अधिकाऱ्याने परवानगी द्यायची, आकारणी एकरावर. त्या काळी ते चाललं असेल, कारण पाणी घ्यायला लोकच तयार नव्हते. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, वर भाटघरचं धरण बांधलं. दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून हे कालवे काढले होते. पण चांगला पाऊस झाला त्या वर्षी शेतकरी पाटाच्या पाण्याकडे फिरकत नसे, आणि पाऊस गेला की सगळेच एकदम धावत. मग हळूहळू पाण्याजवळच्या लोकांना उसाचं आणि गुळाचं गणित कळलं. कालव्याच्या वरच्या गावांत ऊस वाढला, जमिनी पाणथळ आणि चोपण व्हायला लागल्या, आणि खालची गावं वाट बघत राहिली.

हे ज्यांच्या नजरेस आलं त्यांत पुण्याला कार्यकारी अभियंता असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. ऊस एका टोकाला गोळा होऊ द्यायचा नाही, कालव्याच्या लांबीवर गावोगाव ब्लॉक पाडायचे, ब्लॉकच्या ठराविक हिश्श्यातच ऊस आणि बाकीच्यात हंगामी पिकं. म्हणजे पाण्याचा लाभ जास्त गावांत जाईल. विचार म्हणून तो आजही पटतो. पण ब्लॉकमध्येसुद्धा मोजलं गेलं ते क्षेत्रच. उसाचं क्षेत्र बांधलं, त्या उसाला दिलेलं पाणी बांधलं नाही. (नीरेच्या टेलची, इंदापूरकडची गाऱ्हाणी आजही पेपरात वाचायला मिळतात. सव्वाशे वर्षं उलटली.)

स्वातंत्र्यानंतर धरणं वाढली, कालवे वाढले. १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे कायदा आला, अर्जाची आणि एकराची पद्धत तशीच राहिली. आणि जिथे जिथे नवा कालवा गेला तिथे तिथे टेलच्या पत्रांची फाईल तयार झाली.

यातल्या एका फाईलचं पुढे वेगळं झालं म्हणून ती इथे सांगतो. आपल्या नाशिक जिल्ह्यातलीच आहे.

दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर वाघाडचं धरण आहे. मध्यम प्रकल्प. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं पाणी कालव्यात आलं. उजवा कालवा लांबलचक, साधारण ४५ किलोमीटर, आणि त्याची टेल येते ओझरला, विमानाच्या कारखान्याचं ओझर तेच. कागदावर ओझर लाभक्षेत्रात. प्रत्यक्षात वर्षामागून वर्षं गेली, ओझरच्या शिवारात पाणी काही नीट पोचेना. ४५ किलोमीटरमध्ये जे मुरलं, जे फुटलं, जे वर जास्त घेतलं गेलं, त्या सगळ्याची वजाबाकी शेवटच्या गावाच्या वाट्यातून होत होती. हे पुन्हा वाचा. गळती सगळ्या कालव्याची, पण ती भरायची टेलने.

ओझरला समाज परिवर्तन केंद्र नावाची संस्था काम करत होती. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे ही तिथली माणसं. त्यांनी शेतकऱ्यांना जमवलं. अर्ज, निवेदनं, मोर्चे हा मार्ग होताच. पण या लोकांनी मागणीच बदलली. "आम्हाला पाणी द्या" असं न म्हणता ते म्हणाले, आमच्या मायनरच्या तोंडाशी आम्हाला पाणी मोजून द्या, हंगामाला इतके घनमीटर असा कोटा ठरवा, करार करा. आत ते आम्ही वाटून घेऊ, पट्टी आम्ही गोळा करू आणि तुम्हाला एकरकमी भरू.

असा प्रयोग अगदीच नवा नव्हता. नगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या चांदा गावी, मुळा प्रकल्पाच्या सात नंबरच्या मायनरवर श्रीदत्त पाणीवापर संस्था १९८९ पासून हे करत होती. त्यानंतर ओझरला १९९०-९१ च्या सुमारास तीन संस्था उभ्या राहिल्या : महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. तिन्ही टेलच्या. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. राज्यात नंतर ज्या शेकडो संस्था सरकारी लक्ष्य पूर्ण करायला कागदावर झाल्या, त्या जिथे सोपं होतं तिथे झाल्या. इथे ज्यांना पाणीच मिळत नव्हतं त्यांनी आधी संस्था काढली.

मोजून देण्याच्या मागणीने नेमकं काय बदललं? पहिलं म्हणजे, गळती कुणाच्या खात्यावर हे बदललं. कोटा मायनरच्या तोंडाशी मोजायचा ठरला की वरच्या ४५ किलोमीटरमधली गळती, चोरी, फूट ही खात्याची जबाबदारी झाली. तोंडाशी कमी आलं तर ते कमी आलं म्हणून वहीत लिहिलं जाणार, त्यावर संस्थेची आणि खात्याची अशा दोन्ही सह्या होणार. मोजायची जागा कुठे यावरच सगळं ठरतं. हीच मोजणी धरणाच्या दाराशी केली असती तर टेलला काही फरक पडला नसता.

दुसरं म्हणजे, मायनरच्या आत वरच्या माणसाचे पाच तास उघडे पडले. संस्थेत पट्टी तासाप्रमाणे घेता येते. पाणी एकरावर नाही, घड्याळावर. मग तोच माणूस सरी छोटी करतो, वाफ्याचं तोंड वेळेत बांधतो. कुणी उपदेश करायची गरज पडत नाही. आणि पाणी मोजून घेतलंय तर त्यावर पीक कोणतं घ्यायचं ही खात्याच्या परवानगीची बाब राहात नाही.

ओझरकरांनी आणखी एक शहाणपण केलं. त्यांनी कोट्यातलं पाणी नुसतं चाऱ्यांनी शेतात नेलं नाही. शिवारातल्या ओढ्या-नाल्यांवर बंधारे घातले आणि आवर्तनाच्या वेळी ते भरून घेतले. विहिरींना पाझर आला. म्हणजे महिन्याने येणाऱ्या पाण्याचं रूपांतर पाहिजे तेव्हा उपसता येणाऱ्या पाण्यात झालं. गव्हाचा एकविसावा दिवस आता खात्याच्या वेळापत्रकावर अवलंबून नाही. आज त्या भागात द्राक्षबागा दिसतात त्यामागे हे आहे. आठवड्याला थोडं थोडं पाणी मागणारी द्राक्षं नुसत्या पाटाच्या पाळीवर उभी राहिली नसती.

मग वरची गावं गप्प बसली का? सुरुवातीला त्यांना हे टेलचं खूळ वाटलं असणार. पण खालच्यांचा कोटा करारात गेला की वरच्यांनाही आपला हिस्सा लिहून घेणं भाग पडतं, नाहीतर उरेल ते त्यांच्या वाट्याला. पुढच्या बारा-पंधरा वर्षांत संपूर्ण वाघाड प्रकल्पावर मिळून चोवीस पाणीवापर संस्था झाल्या, आणि त्या सगळ्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था झाली. धरण सरकारचं, पण कालव्यावरचं वाटप शेतकऱ्यांचं. १५ ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे ते बघायचं, पिण्याचं आरक्षण बाजूला काढायचं, उरलेलं क्षेत्राच्या प्रमाणात वाटायचं. हेड असो की टेल, एकरी हिस्सा सारखा. पाऊस कमी झाला तर सगळ्यांचंच त्या प्रमाणात कमी. आधी दुष्काळात फक्त टेल कोरडी पडायची.

भाबडेपणाने लिहीत नाही. वाघाडची जमीन, तिथली माणसं, मागे उभे राहिलेले अभ्यासक आणि चांगले अधिकारी हे सगळं दर ठिकाणी जुळत नाही. कितीतरी संस्था मी पाहिल्या ज्यांचं ऑफिस म्हणजे अध्यक्षांच्या ओसरीवरचं कपाट, आणि कपाटाची चावी हरवलेली. शिवाय संस्थेच्या आतही एक टेल असतेच. अध्यक्ष हेडचा असेल तर जुनी गोष्ट नव्या शिक्क्याने सुरू होते. म्हणूनच २००५ साली जो कायदा झाला, महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, त्यात संचालक मंडळावर मुख, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना जागा ठेवल्या आहेत. पुच्छ म्हणजे आपली टेल. ओझर आणि चांद्याने जे करून दाखवलं ते या कायद्याने नियम म्हणून घेतलं : घनमापन पद्धतीने पाणी, संस्थेशी करार, ताबा देण्याआधी मायनरची संयुक्त पाहणी आणि दुरुस्ती, आणि मोजायचं साधन.

साधन हा शब्द कायद्यात लिहायला सोपा आहे. मायनरच्या तोंडाशी सिमेंटची एक अरुंद केलेली नाली असते, तिला फ्ल्यूम म्हणतात. शेजारी गेजपट्टी रंगवलेली असते. पट्टीवर पाणी किती सेंटिमीटर, ते तक्त्यात बघायचं की किती क्युसेक चाललंय ते कळतं. आता यात गंमत कशी होते बघा. फ्ल्यूमच्या खालच्या बाजूला गाळ आणि गवत साचलं की पाणी तुंबतं आणि मागे फुगतं. पट्टीवरचा आकडा वाढतो, पण धार वाढलेली नसते. कागदावर तीन क्युसेक, प्रत्यक्षात दोन. ओळखायचं कसं? अरुंद भागातून बाहेर पडताना पाण्याने स्पष्ट खाली पडून उसळी घेतली पाहिजे. पाणी सपाट, संथ, एकसारखं वाहताना दिसलं तर फ्ल्यूम बुडालेली आहे आणि तो आकडा मानायचा नाही. हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. शाळेतलं पोरगंही मोबाईलवर व्हिडिओ काढू शकतं.

आता आमच्या त्या पत्राकडे येतो. संघाच्या लोकांबरोबर बसून वाघाडची ही सगळी कथा बोललो. एक आजोबा म्हणाले, "दादा, संस्था-बिंस्था होईल तेव्हा होईल, गहू आत्ता जळतोय." खरंय त्यांचं. संस्था नोंदवून, पाहणी होऊन, करार व्हायला वर्षं जातात. पण पत्र तर आज बदलता येतं.

संघाने दुसरं पत्र दिलं ते दीड पानाचं आहे. त्यात सहानुभूती हा शब्द नाही, आंदोलनही नाही. आवर्तनाच्या प्रत्येक दिवशी सकाळी सात आणि संध्याकाळी सहा वाजता मायनरच्या गेजवर काय आकडा होता ते आहे. दोन पोरांनी वहीत टिपून ठेवलं होतं आणि पट्टीचे फोटोही काढले होते. सातव्या दिवसापासून रात्रीत आकडा पडत गेलेला त्यात सरळ दिसतो. कोणत्या आऊटलेटला पाणी कधी लागलं आणि कधी तुटलं ते आहे. शेजपाळीत मंजूर असून न भिजलेल्या गटांची यादी क्षेत्रासह आहे. आणि मागणी एकच : पुढच्या आवर्तनात मायनरच्या तोंडाशी आणि शेवटच्या आऊटलेटपाशी, दोन्ही ठिकाणी, शाखा अभियंता आणि संघाचा माणूस यांनी मिळून रोज मोजणी करावी आणि त्या वहीवर दोघांच्या सह्या असाव्यात. सुरुवात टेलपासून करावी, आणि पहिले चार दिवस वरचे दरवाजे कुलूपबंद ठेवल्याचा पंचनामा व्हावा. प्रत कार्यकारी अभियंत्यांना आणि कालवा सल्लागार समितीला.

या पत्राला "बहुतांश भागाचे सिंचन झालेले आहे" हे उत्तर चालत नाही, कारण एकराचा प्रश्नच त्यात विचारलेला नाही.

पोचपावती मिळाली आहे. उपविभागाने तोंडी कळवलंय की संयुक्त मोजणीला हरकत नाही, पण गेजपट्टीचा रंग उडालेला आहे आणि फ्ल्यूमच्या खालचा गाळ काढायला निधी नाही. गाळ संघाची माणसं फावड्याने काढणार आहेत, बुधवारी सकाळी. पट्टी मात्र खात्यानेच रंगवायला हवी, कारण शून्य कुठे धरायचा हे आपल्या हाताने ठरवलं तर उद्या त्या आकड्यावरच वाद होईल. हे त्यांना लेखी कळवलं आहे. आवर्तन सुटायला अजून नऊ दिवस आहेत.